‘जवळजवळ बरोबर’ म्हणजे किती?

‘प्रयोग यशस्वी झाला. काचेचा अपवर्तनांक १.५४८७ आला. तो पुस्तकातल्या किमतीशी जवळजवळ जुळतो. मानवी चुकांमुळे थोडा फरक पडला आहे.’

अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलेला हा निष्कर्ष. अक्षर वळणदार, शुद्धलेखनाची चूक एकही नाही. असे निष्कर्ष दरवर्षी हजारो जर्नलांत लिहिले जातात. त्यांच्याखाली सही होते, तारीख पडते आणि जर्नल परत जातं. या वेळी मात्र भौतिकशास्त्राच्या मॅडमनी सही केली नाही. डाव्या बाजूच्या कोऱ्या पानाला त्यांनी दोन फुलस्केप कागद टाचून दिले. ते एक पत्र होतं.

पत्राची सुरुवात अशी होती : ‘तुझी आकृती नीट आहे, निरीक्षण तक्ता पूर्ण आहे, आकडेमोडही बरोबर आहे. पण निष्कर्ष वाचून मला कळलं नाही की तुझ्या हातातल्या काचेबद्दल तुला काय समजलं. १.५४८७ पुसून तिथे ९.७६ लिही, काचेच्या जागी लंबक लिही. बाकीची वाक्यं तशीच चालतील. मग ती या प्रयोगाची कशी?’

मॅडमचा मुद्दा कळायला आधी प्रयोग आठवायला हवा. दहावी-अकरावी केलेल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी केलेला असतो. ड्रॉइंग बोर्डावर कोरा कागद लावायचा, त्यावर काचेची आयताकृती चीप ठेवायची आणि पेन्सिलीने तिची बाह्यरेषा काढायची. एका लांब बाजूवर काटकोनात रेघ मारायची, ती स्तंभिका. स्तंभिकेशी ठरावीक कोन करणारी रेघ काढून तिच्यावर दोन टाचण्या उभ्या रोवायच्या. मग पलीकडच्या बाजूला जाऊन, एक डोळा मिटून, काचेतून त्या टाचण्यांच्या बुडांकडे पाहायचं आणि त्यांच्याशी एका रेषेत दिसतील अशा आणखी दोन टाचण्या लावायच्या. काच उचलून टाचण्यांची भोकं जोडली की कागदावर प्रकाशाची वाट उमटते : काचेत शिरताना वाकलेली, बाहेर पडताना पुन्हा पहिल्या दिशेला समांतर झालेली.

मोजायचे असतात ते कोन. आत शिरणाऱ्या किरणाचा आपतन कोन, काचेच्या आतला अपवर्तन कोन आणि बाहेर पडताना निर्गत कोन. पहिल्याच्या साइनला दुसऱ्याच्या साइनने भागलं की अपवर्तनांक मिळतो. कोन कोणताही घेतला तरी हे गुणोत्तर तेच राहतं, हा स्नेलचा नियम. हवेच्या तुलनेत त्या काचेत प्रकाश किती पट मंद चालतो, तेच या आकड्यातून कळतं.

मुलीने पाच रीडिंग घेतले होते. आपतन कोन २०, ३०, ४०, ५० आणि ६० अंश. त्यांच्यासमोर अपवर्तन कोन १२, १९, २५, ३० आणि ३५ अंश. गुणोत्तरं आली ती अशी : १.६४५, १.५३६, १.५२१, १.५३२ आणि १.५१०. पाचांची बेरीज केली, पाचाने भागलं, १.५४८७ आलं. कॅल्क्युलेटरने जेवढे आकडे दाखवले तेवढे तिने उतरवून घेतले.

मॅडमनी पहिलं बोट ठेवलं ते पहिल्या ओळीवर. ‘चार आकडे एकमेकांच्या जवळ बसले आहेत, १.५१ ते १.५४. पाचवा १.६४५ म्हणजे भलतीकडेच आहे. तुझ्या निष्कर्षात त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. तो का वेगळा आला, हे तुझ्याच तक्त्यात लिहिलेलं आहे. शेवटचा रकाना बघ.’

शेवटचा रकाना निर्गत कोनाचा. तक्त्याच्या छापील नमुन्यात तो असतो म्हणून मुलं भरतात आणि पुढे त्याचं काय करायचं ते विसरतात. चिपेच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असल्यामुळे निर्गत कोन आपतन कोनाएवढाच यायला हवा. खालच्या चार ओळींत तो एका अंशाच्या आत जुळत होता. पहिल्या ओळीत मात्र आपतन कोन २० अंश आणि निर्गत कोन २२ अंश होता.

इथे एक बारकावा आहे आणि तो पुष्कळ शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. निर्गत कोन जुळला नाही की ‘काच मध्येच हलली असेल’ असं सर्रास लिहिलं जातं. पण काच हलली, अगदी थोडी फिरली, तरी बाहेर पडणारा किरण आत येणाऱ्या किरणाला समांतरच राहतो; फक्त बाजूला सरकतो. त्यामुळे काच हलल्याचा पत्ता हा रकाना देत नाही. तो पत्ता देतो टाचण्यांचा. दोन अंशांचा फरक पडला याचा अर्थ पलीकडच्या दोन टाचण्या नीट रेषेत नव्हत्या.

कागदावरची भोकंही तेच सांगत होती. त्या आकृतीत निर्गत बाजूच्या टाचण्यांमध्ये जेमतेम तीन सेंटीमीटर अंतर होतं. एवढ्या अंतरावर एक टाचणी फक्त एक मिलीमीटर बाजूला गेली तरी रेषेची दिशा जवळपास दोन अंशांनी बदलते. टाचण्या आठ सेंटीमीटर लांब असत्या तर त्याच एका मिलीमीटरने पाऊण अंशाहून कमी फरक पडला असता.

मॅडमनी हिशेब शेवटापर्यंत नेला. काचेची रुंदी ५० मिलीमीटर, जवळची टाचणी काचेपासून २० मिलीमीटरवर. तिथून रेषा मागे काचेपर्यंत २० ऐवजी २२ अंशांनी नेली, तर किरण काचेतून बाहेर पडल्याची खूण सुमारे ०.८ मिलीमीटर सरकते. त्या सरकलेल्या खुणेपर्यंत काचेतली रेषा काढली की १३ अंशांचा अपवर्तन कोन १२ अंशांचा दिसतो. आणि १३ अंश धरले असते तर गुणोत्तर १.५२ आलं असतं, बाकी चौघांच्या पंक्तीत बसणारं. मुलीच्या निष्कर्षात ‘मानवी चुका’ अशा दोन शब्दांत मावलेली गोष्ट प्रत्यक्षात ही होती : एक टाचणी, एक मिलीमीटर.

एका अंशाने एवढा फरक का पडावा, हाही प्रश्न रास्त आहे. लहान कोनाची साइन लहान असते, आणि लहान संख्येने भागताना थोडी चूकसुद्धा मोठी होते. १२ अंशांच्या ठिकाणी एक अंश इकडेतिकडे झाला तर उत्तर आठ-नऊ टक्क्यांनी बदलतं. ३५ अंशांच्या ठिकाणी तीच चूक अडीच टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून पाचही रीडिंग सारख्या विश्वासाचे नसतात. सरासरी काढताना मात्र आपण त्यांना सारखाच मान देतो, आणि मग सगळ्यात कच्चं रीडिंग सगळ्यांना आपल्याकडे ओढतं.

यावर उपाय नवा नाही, जर्नलच्या मागे आलेखाचा कागद त्यासाठीच लावलेला असतो. आडव्या अक्षावर अपवर्तन कोनाची साइन, उभ्या अक्षावर आपतन कोनाची साइन घ्यायची, शून्यातून जाणारी आणि बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेघ मारायची. तिचा चढ म्हणजे अपवर्तनांक. मोठ्या कोनांचे बिंदू शून्यापासून लांब असतात, त्यामुळे रेघेची दिशा मुख्यतः तेच ठरवतात. या मुलीच्या पाच बिंदूंतून अशी रेघ काढली तर चढ १.५३ येतो. १.६४५ वाला बिंदू रेघेच्या वर दोन-अडीच मिलीमीटरवर एकटा उभा राहिलेला साध्या डोळ्यांना दिसतो. तक्त्यात जे लपलं होतं ते आलेखात लपत नाही.

पत्राचा पुढचा भाग ‘जवळजवळ’ या शब्दावर होता. ‘जवळजवळ म्हणजे किती? आणि कशाच्या जवळ? पुस्तकात एकच काच नाही. क्राउन काचेची किंमत १.५२ आहे, जड फ्लिंट काचेची १.६५ च्या आसपास. तुझं उत्तर १.५४८७ या दोन्हींच्या मध्ये पडतं. तू कोणत्या किमतीशी ताडून पाहिलंस, ते लिहिलंच नाहीस.’

मग त्यांनी तिला कोनमापक हातात घ्यायला सांगितलं. शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकावर एकेका अंशाची खूण असते. रेघ दोन खुणांच्या मध्ये आली तर आपण जवळची खूण धरतो, म्हणजे प्रत्येक कोनात अर्ध्या अंशाची शंका उरतेच. त्या अर्ध्या अंशाने मोठ्या कोनाच्या रीडिंगमध्ये ०.०२ चा, तर ३० अंशांच्या रीडिंगमध्ये ०.०४ चा फरक पडतो. सगळं मिळून ०.०३ धरणं प्रामाणिक होईल. म्हणजे उत्तर १.५३ ± ०.०३, दुसऱ्या शब्दांत १.५० ते १.५६ च्या दरम्यान कुठेतरी. जिथे दुसरं दशांश स्थळच डळमळतं आहे, तिथे १.५४८७ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना काही आधार उरत नाही. त्यांनी माहिती वाढत नाही. जी नाही ती आहे असा भास होतो.

मर्यादा लिहिली की उत्तर लंगडं पडतं, असा मुलांचा समज असतो. उलट त्यानेच त्याला बोलता येतं. १.५० ते १.५६ हा पल्ला सांगतो की ही काच खिडकीच्या साध्या काचेसारखी असू शकते, कारण तिची किंमत १.५२ च्या आसपास असते. ती प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच नाही, कारण त्या काचेचा अपवर्तनांक १.४७ आहे आणि तो पल्ल्याबाहेर राहतो. ती जड फ्लिंट काचही नाही. पण १.५१ ची काच आणि १.५२ ची काच यांतला फरक या टाचण्या-कोनमापकाला कळणार नाही, हेही तोच पल्ला सांगतो.

किती बारीक मोजावं लागतं, याचं एक उदाहरण नाशिकच्या द्राक्षबागेत बघायला मिळतं. द्राक्षं तोडणीला आली का, हे ठरवायला बागायतदार रसाचा एक थेंब हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतात आणि नळीतून पाहून ब्रिक्स वाचतात. गोडी मोजणारं हे यंत्र खरं तर रसाचा अपवर्तनांक मोजतं. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ असतो, शंभर ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर असेल तर तो १.३६४ होतो. पाणी आणि चांगलं गोड द्राक्ष यांच्यात अंतर ते एवढंच, ०.०३. अकरावीच्या प्रयोगाची शंकाही तेवढीच. टाचण्यांनी द्राक्षाची गोडी मोजायला गेलं तर सगळी बाग त्या ± मध्ये बुडून जाईल.

‘मानवी चुका’ या शब्दांखाली मॅडमनी लाल नाही, निळ्या शाईने रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, ‘कोणती? उत्तर वाढवणारी की कमी करणारी?’

हा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात मोलाचा वाटतो. चुकीला दिशा असते, आणि ती दिशा सांगता आली तरच चूक समजली असं म्हणता येतं. बाह्यरेषेचंच घ्या. पेन्सिलीचं टोक बोथट असलं की रेघ काचेला चिकटून येत नाही, थोडी बाहेर पडते. समजा दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलीमीटर बाहेर पडली. कागदावरची काच खऱ्या काचेपेक्षा एक मिलीमीटर रुंद झाली. किरण त्या जादा पट्टीत हवेतूनच, म्हणजे जास्त तिरपा जात असतो, पण आपण ती पट्टी काचेतच मोजतो. त्यामुळे अपवर्तन कोन खऱ्यापेक्षा मोठा दिसतो आणि उत्तर नेहमी कमीच येतं. ५० मिलीमीटर रुंदीच्या चिपेत ३० अंशांना १.५२ चं १.५० होतं, ६० अंशांना १.४९. कोन वाढेल तशी घट वाढते, आणि हीच या चुकीची ओळख. गुणोत्तरं वरून खाली हळूहळू उतरत गेलेली दिसली की आधी पेन्सिल तपासावी.

या मुलीच्या तक्त्यातही ३० अंशांना १.५३६ आणि ६० अंशांना १.५१० आहे. उतार दिसतो. पण मॅडमनी लगेच सावध केलं : ‘इथे घाई करू नकोस. मधला १.५३२ पुन्हा वर चढला आहे आणि हे सगळे फरक तुझ्या ०.०३-०.०४ च्या शंकेतच आहेत. बाह्यरेषेची चूक असू शकते, एवढंच म्हणता येईल. आहे असं म्हणता येणार नाही.’

काही कारणं मुलं सवयीने लिहितात आणि ती या प्रयोगात टिकत नाहीत. ‘खोलीच्या तापमानामुळे फरक पडला’ हे त्यातलं एक. तापमान दहा अंशांनी वाढलं तरी साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक पाचव्या दशांश स्थळाच्या आसपास हलतो. दुसऱ्या स्थळाची चूक त्याच्या माथी मारता येत नाही. रंगाचंही तसंच. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो हे खरं, पण क्राउन काचेत या दोन्हींच्या अपवर्तनांकातला फरक ०.०१ पेक्षा कमी आहे. कारण लिहिण्याआधी ते कारण पुरेसं मोठं आहे का, हे बघावं लागतं.

पत्रात कौतुकाचं एक वाक्य होतं, आणि ते अनपेक्षित ठिकाणी होतं. ‘१.६४५ ची ओळ तू खोडली नाहीस, १२ चे १३ केले नाहीस, हे मला आवडलं.’ या वाक्यामागे वर्गातलं वास्तव आहे. उत्तर आधी ठाऊक असलं की रीडिंग उलटे काढता येतात : १.५ धरायचं, अपवर्तन कोन मागून भरायचे. अशा जर्नलमध्ये पाचही ओळी १.५० दाखवतात.

हा मोह फार जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणाचे कोन मोजून तक्ता केला. आपतन कोन दहा-दहा अंशांनी ८० पर्यंत वाढत जातो, आणि समोर अपवर्तन कोन आहेत ८, १५.५, २२.५, २९, ३५, ४०.५, ४५.५ आणि ५० अंश. शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करून पाहा : ७.५, ७, ६.५, ६, ५.५, ५, ४.५. दर पायरीला बरोबर अर्धा अंश कमी. कुठल्याही हाताने मोजलेले आकडे इतके शिस्तीत येत नाहीत. टॉलेमीने काही कोन खरंच मोजले असावेत, ५० अंशांसमोरचे ३५ अंश आजच्या मापाशी जुळतात. पण त्याच्या मनात एक नियम बसला होता आणि आकडे त्या नियमात बसवले गेले. ८० अंशांसमोर खरा कोन साडेसत्तेचाळीस अंशांच्या आसपास यायला हवा. तक्त्यात ५० आहे. साइनच्या गुणोत्तराचा खरा नियम दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सह्लच्या लिखाणात दिसतो, आणि १६२१ च्या सुमारास लायडेनच्या स्नेलला तो पुन्हा सापडला. टॉलेमीच्या आकड्यांची गुणोत्तरं काढली तर ती १.२५ पासून १.३४ पर्यंत भटकतात.

मॅडमनी पत्रात उत्तर लिहून दिलं नव्हतं. शेवटी तीन कामं सांगितली होती : २० अंशांचं रीडिंग टाचण्या आठ सेंटीमीटरवर ठेवून पुन्हा घे, आलेख काढ, आणि निष्कर्ष असा लिही की तो दुसऱ्या कुणाच्या काचेला लावता येणार नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला मुलीने पेन्सिलीला टोक केलं आणि रीडिंग पुन्हा घेतलं. निर्गत कोन २० अंश आला, अपवर्तन कोन १३, गुणोत्तर १.५२०. आलेखाचा चढ १.५२ झाला. नवा निष्कर्ष असा आहे :

‘पाच रीडिंगांच्या आलेखावरून या काचेचा अपवर्तनांक १.५२ ± ०.०३ आला. साध्या क्राउन काचेची किंमत १.५२ या मर्यादेत बसते. बोरोसिलिकेट काचेची १.४७ आणि जड फ्लिंट काचेची १.६५ बसत नाही. आपतन कोन आणि निर्गत कोन सर्व रीडिंगांत एका अंशाच्या आत जुळले. काचेची बाह्यरेषा अर्धा मिलीमीटर बाहेर गेली असल्यास उत्तर ०.०२ ते ०.०३ ने कमी आलं असू शकतं. ते तपासलेलं नाही.’

तक्त्यातली १.६४५ ची जुनी ओळ आजही तशीच आहे. तिच्याखाली नवी ओळ आहे, समासात ‘टाचण्या ३ सेंमी अंतरावर, निर्गत कोन २२ अंश’ एवढं लिहिलेलं आहे, आणि पानाच्या तळाशी मॅडमची सही आहे.